अप्रायझलमधला कडक शेरा पुन्हा लिहिताना

ज्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच माणसं आली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. अप्रायझलच्या दिवसांत सुपरवायझरांनी लिहिलेले शेरे आधी माझ्याकडे येतात. त्यातला एक असा होता: ‘कामात हलगर्जीपणा. जबाबदारीची जाणीव नाही. अ‍ॅटिट्यूड सुधारावा.’

फॉर्म होता नुकत्याच लागलेल्या एका डिप्लोमा इंजिनिअरचा. हे वाचून पोरगा दुखावणार, हे झालंच. पण उद्या शिफ्टला आल्यावर नेमकं काय वेगळं करायचं, हेही त्याला यातून कळणार नाही.

अशा वेळी नुसते शब्द मवाळ करू नका. ‘थोडी सुधारणा अपेक्षित’ असं लिहिलं की रागाबरोबर चूकही पुसली जाते. आधी शेरा लिहिणाऱ्याला विचारा, की तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत? आमचे सुपरवायझर म्हणाले, ‘साहेब, नाईटला तो रीडिंग घेतच नाही. सकाळी बसून शीट भरतो.’ आम्ही शीट काढली. बोअरचं, म्हणजे पार्टमधल्या भोकाचं, माप दर दोन तासांनी घ्यायचं असतं. पहाटे चारचं रीडिंग व्यवस्थित लिहिलेलं होतं, आणि मेंटेनन्सच्या रजिस्टरप्रमाणे चार वाजता मशीन बंद होतं! त्याच रात्रीच्या लॉटमध्ये बोअर ओव्हरसाइज निघाले आणि सगळा लॉट एकेक करून तपासावा लागला.

मग पोराला बोलावलं. दोन लाइनींत मिळून बोअर गेज एकच, ते पलीकडे अडकलं की हा वाट बघत बसायचा. ‘मग फोन का नाही केलास?’ तर म्हणे, ‘सर, रात्री कुणाला उठवायचं?’ सुपरवायझर ज्याला अ‍ॅटिट्यूड म्हणत होते, तो हा संकोच होता. गेज कमी पडणं त्याच्या हातात नाही. न घेतलेलं रीडिंग लिहिणं मात्र सर्वस्वी त्याच्या हातात आहे. दोन्ही एकाच शेऱ्यात कोंबलं तर तो गेजकडे बोट दाखवून मोकळा होतो.

नवा शेरा असा झाला: ‘नाईट शिफ्टमध्ये काही रीडिंग प्रत्यक्ष न घेता नंतर भरली. मशीन बंद असतानाचंही रीडिंग शीटवर आहे. त्यामुळे ओव्हरसाइज बोअर वेळेत पकडले गेले नाहीत. हे चालणार नाही. यापुढे माप घेतल्याबरोबर लिहावे. गेज मिळाले नाही तर रकाना रिकामा ठेवून कारण लिहावे आणि शिफ्ट इन्चार्जला लगेच फोन करावा. पुढचे तीन महिने सुपरवायझर दर आठवड्याला एक शीट मशीनच्या रजिस्टरशी पडताळतील.’

रेटिंग होतं तेच ठेवलं. ते वाढवलं असतं तर शेऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. फॉर्म हातात देण्याआधी सुपरवायझरनी हे सगळं त्याच्याशी समोरासमोर बोलून घेतलं. समज दिल्यावरही खोटी नोंद सापडली, तर तो विषय अप्रायझलचा राहत नाही, एचआरकडे स्वतंत्र जातो. तेही त्याला तेव्हाच सांगितलं.

दुसऱ्या बोअर गेजची मागणी सुपरवायझरच्या नावावर टाकली आहे, तारखेसकट.