रस्ता रुंदीकरणाचा पर्यावरण आराखडा: या चुका टाळा

पर्यावरण व्यवस्थापन आराखडा हातात आला की मी आधी एकच वाक्य शोधतो: "निघालेली माती योग्य ठिकाणी टाकण्यात येईल." हे वाक्य सापडलं, की पहिल्या पावसात ती माती कुठे जाणार हे कळतं. जवळच्या नाल्यात.

माती किती, हेच मोजलेलं नसतं

समजा, यावल-रावेर पट्ट्यातला 8 किलोमीटरचा रस्ता दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच मीटर वाढवायचा आहे. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली तर रस्ता लाटा मारतो, म्हणून ती काढून मुरूम भरावा लागतो. खोली 60 सेंटिमीटर धरा. 8000 गुणिले 5 गुणिले 0.6, म्हणजे 24,000 घनमीटर. पण खोदलेली माती सुटी झाली की फुगते. पाव पट वाढ धरली तर 30,000 घनमीटर होते. 14 घनमीटरच्या हायवाला सुमारे 2,140 फेऱ्या, आणि दीड मीटर उंचीचा ढीग केला तर दोन हेक्टर, म्हणजे जवळजवळ पाच एकर जागा. हा आकडा आराखड्यात असता, तर "योग्य ठिकाण" शोधायला कोणी बिलाच्या दिवसापर्यंत थांबलं नसतं.

जागा ठरवताना गट नंबर, सातबारा, जमीनमालकाची लेखी संमती आणि नाल्यापासूनचं अंतर लिहा. शेतकरी स्वतः येऊन माती मागतात, तेव्हा ठेकेदार खूश होतो. इथेच फसगत आहे. त्यांच्या डोक्यात तलावाचा गाळ असतो आणि त्यांना मिळतो मुरूम, खडी, जुन्या डांबराचे तुकडे मिसळलेला राडारोडा. म्हणून वरची 15 सेंटिमीटर माती आधी वेगळी काढून ठेवा. आपल्या उदाहरणात ती खोदाईचा चौथा हिस्सा, 6,000 घनमीटर भरते. ती शेताला किंवा भरावाच्या उतारावर गवत लावायला द्या. खालची माती खड्डे भरायला न्या. डांबराचा थर तर निराळाच ठेवा, तो परत वापरता येतो.

टँकर वाढवून धूळ बसत नाही

आराखड्यात "दिवसातून दोनदा पाणी मारावे" असं असतं. खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना मारलेलं पाणी तासाभरात उडून जातं. हिशोब करून बघा. 6 मीटर रुंदीच्या 8 किलोमीटर उघड्या पट्ट्यावर चौरस मीटरला अर्धा लिटर मारायचं, तर एका फेरीला 24,000 लिटर लागतं. दोनदा पुरत नाही म्हणून चार फेऱ्या धरल्या, तर 10,000 लिटरचे जवळजवळ दहा टँकर, रोज. पाणीटंचाईत हे पाणी येणार कुठून? गावच्या विहिरीतून काढलं तर भांडण ठरलेलं.

उपाय टँकरात नाही, उघड्या लांबीत आहे. एका वेळी दोनच किलोमीटर उघडा, ते खडीच्या थरापर्यंत न्या, मगच पुढचे खोदा. मग चार फेऱ्यांना मिळून रोज 24,000 लिटर, म्हणजे अडीच टँकर पुरतात आणि सांडपाणी प्रक्रिया करून मिळालेलं पाणी चालतं. मुरूम-मातीच्या गाड्यांवर ताडपत्री आणि डायव्हर्जनवर ताशी 20 किलोमीटरची मर्यादा, एवढं सोबत असू द्या. केळीच्या पानांवर धुळीचा थर दिसू लागला की समजा, यंत्राने धूळ मोजायची वाट न बघता लांबी कमी करायची वेळ झाली.

आवाज

इथे चूक एकच, पण नेहमीची. काम सुरू होण्यापूर्वीचं वाचनच नसतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, पण रहदारीच्या रस्त्यावर वाहनांनीच ती आधी ओलांडलेली असते. आधीचा आकडा नसेल तर रस्ता फोडणाऱ्या ब्रेकरमुळे किती वाढ झाली ते सांगता येत नाही आणि वाद मिटत नाही. शाळा-दवाखान्याच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं. तिथे रात्री दहानंतर काम ठेवूच नका.

"संबंधितांनी" म्हणजे कोणीच नाही

देखरेखीच्या तक्त्यात "संबंधितांनी लक्ष ठेवावे" लिहिलेलं असतं. ते खोडा. कोणतं पद, कोणत्या दिवशी, कुठे, आणि आकडा चुकला तर कोण काम थांबवणार, हे चार रकाने हवेत. मोजमाप ठेकेदाराने करावं, पण तपासणी सल्लागार अभियंत्याच्या माणसाने करावी. त्याशिवाय यंत्र कुठे ठेवलं तेही बघा. पीएम 10, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचं 24 तासांचं वाचन घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या आत आलं म्हणून खूश व्हायचं, आणि नंतर कळायचं की ते काम बंद असलेल्या रविवारी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला घेतलं होतं! अशा नोंदी मी पाहिल्या आहेत. म्हणून नोंदवहीत तारखेसोबत त्या दिवशी कोणतं काम चालू होतं आणि वारा कुठून होता, हेही लिहायला लावा. माती टाकल्याची नोंद, फेऱ्यांच्या पावत्या आणि टँकरची नोंद मासिक बिलाला जोडायची अट निविदेतच घाला. बिल अडलं की नोंदवही आपोआप भरते.