शिक्षकी सोडून इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये येताय? आधी सॅम्पल टेस्टचं बघा

अ‍ॅडी मॉडेल काय, ई-लर्निंग बनवायचं स्टोरीलाइन सॉफ्टवेअर काय, हे तुमचं शोधून झालेलं असणार, त्यामुळे कंपन्या नोकरी देण्याआधी घेतात त्या सॅम्पल टेस्टवर थेट येते. कारण शाळेतून आलेले आपण बहुतेक तिथेच अडकतो, मीही अडकले.

टेस्ट साधारण अशी असते. कपड्यांच्या दुकानाच्या रिटर्न पॉलिसीची लांबलचक पीपीटी देतात आणि काउंटरवरच्या नवीन स्टाफसाठी दहा मिनिटांच्या मॉड्यूलचा स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक स्क्रीनवर काय येणार त्याचा आराखडा, मागतात. आपण काय करतो, आधी व्याख्या, मग प्रकार, मग नियम, शेवटी पाच प्रश्न. म्हणजे धडा. ऑब्जेक्टिव्ह लिहितो 'पॉलिसी समजेल'. अहो, समजलं की नाही ते दिसणार कसं? त्याऐवजी 'बिल नसलेला ग्राहक आला तर माल परत घ्यायचा, बदलून द्यायचा की मॅनेजरला बोलवायचं हे स्टाफ ठरवू शकेल' असं लिहा, की पीपीटीतलं काय ठेवायचं ते आपोआप कळतं. कंपनीचा इतिहास गेला, पॉलिसी कधी बदलली तेही गेलं.

मग पहिलीच स्क्रीन: बाई कुर्ता घेऊन आल्यात, टॅग आहे, बिल नाही, मागे रांग. तीन पर्याय. चुकीचे पर्याय मनाने रचू नका, नवीन लोक खरंच जिथे चुकतात तिथून घ्या. टेस्टमध्ये एसएमई, म्हणजे विषयतज्ज्ञ, भेटत नाही, तर 'हे एसएमईला विचारायचंय' अशी नोंद तरी करा, ती बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. फीडबॅकमध्ये नुसतं 'चूक' नको, पुढे काय होतं ते दाखवा, म्हणजे पैसे परत दिले आणि रात्री हिशोब जुळेना.

अजून एक, व्हॉइस-ओव्हरच्या कॉलममधलं वाक्य जसंच्या तसं ऑन-स्क्रीन टेक्स्टमध्ये टाकू नका. फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची सवय आहे आपली, पण इथे माणूस स्वतःच्या वेगाने वाचतो आणि आवाज मागे राहतो.

घाबरू नका मात्र. मुलं कुठे गोंधळतात ते वहीवरून ओळखणं तुम्हाला येतं, आणि वर्ग न घेतलेल्या लोकांना ते शिकायला खूप वेळ लागतो.

हजारो रुपये घेऊन 'नोकरीची गॅरंटी' देणाऱ्या मेंटॉरांबद्दल माझं मत वाईट आहे. तुमच्या स्टोरीबोर्डवर ओळ न् ओळ लाल पेन चालवणारा एक सीनियर मिळाला तर त्याला धरून ठेवा, सर्टिफिकेटं नंतर. आणि हो, स्टोरीलाइनची ट्रायल ३० दिवसांचीच असते, स्टोरीबोर्ड कागदावर पक्का होईपर्यंत ती सुरूच करू नका, नाहीतर अर्धे दिवस बटणं शोधण्यातच जातात.