प्रतिजैविकांचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळेत इंटर्नशिपसाठी अर्जपत्र कसे लिहावे

सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर नवीन प्रतिजैविके शोधणाऱ्या प्रयोगशाळेला पत्र लिहायला बसतो, तेव्हा त्याच्याजवळ सांगण्याजोगे प्रत्यक्ष काम बहुधा एकच असते, ते म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. अनेकांचा हा प्रकल्प मातीतून ॲक्टिनोमायसिट्स वेगळे करून ते रोगकारक जिवाणूंची वाढ रोखतात का, हे तपासण्याचा असतो. पत्र वाचणारे शास्त्रज्ञ या एकाच कामाची मांडणी किती नेमकी आहे ते पाहतात. बाकीचा मजकूर त्याच्या आधाराला असतो.

आधी प्रयोगशाळेचे काम वाचा

प्रतिजैविकांचा शोध या नावाखाली अगदी वेगवेगळी कामे चालतात. कोणी माती, समुद्रतळ किंवा वनस्पतींच्या मुळांतून सूक्ष्मजीव मिळवतो, कोणी जीनोममध्ये दडलेले जनुकसमूह शोधतो, कोणी माहीत असलेल्या रेणूत रासायनिक बदल करतो, तर कोणी रेणू जिवाणूच्या नेमक्या कोणत्या भागावर परिणाम करतो ते तपासतो. त्या गटाचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध उघडावेत आणि त्यांतला कार्यपद्धतीचा भाग सावकाश वाचावा, कारण आपल्याला येणारे काम त्या प्रयोगशाळेत कुठे उपयोगी पडेल हे सारांशावरून नव्हे, तर त्या भागावरून कळते. रेणूंच्या संश्लेषणावर चालणाऱ्या गटाला मातीच्या नमुन्यांचे कौतुक सांगून काही साधत नाही.

पहिला परिच्छेद

तो तीन वाक्यांत संपवावा: आपण कोण, कोणत्या कालावधीसाठी अर्ज करत आहोत आणि त्या गटाच्या कोणत्या कामाशी आपला संबंध जुळतो. ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड होती’ यासारखी वाक्ये इथे नकोत.

प्रकल्पाचा परिच्छेद

पत्र प्रत्यक्षात इंग्रजीतच जाईल, पण मजकुराचा विचार आपल्या भाषेत करून पाहणे सोपे जाते. ‘मी मातीतून नवीन प्रतिजैविक शोधून काढले आणि ते अत्यंत प्रभावी ठरले’ हे वाक्य अनेक पत्रांत येते आणि बहुतेक वेळा तेच पत्राला बुडवते. प्लेटवर वेलभोवती स्वच्छ झोन दिसला, याचा अर्थ इतकाच की आगरमध्ये काहीतरी पसरले आणि त्यामुळे जिवाणूंची वाढ थांबली. ते काहीतरी म्हणजे आम्ल असू शकते, अर्कात उरलेला द्रावक असू शकतो किंवा पूर्वीच माहीत असलेले प्रतिजैविक असू शकते. 1943 मध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, त्यानंतरच्या दशकांत जगभरच्या मातीची छाननी झाली आणि स्ट्रेप्टोथ्रिसिनसारखे तेच ते रेणू पुन:पुन्हा हाती येऊ लागले. म्हणून या प्रयोगशाळा सक्रिय अर्क मिळाला की आधी तो ज्ञात आहे का, हेच पाहतात, आणि ‘नवीन’ हा शब्द पुराव्याशिवाय दिसला की त्यांना पुढचे वाचावेसे वाटत नाही.

त्याऐवजी पुढील नमुना पाहावा. त्यातील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतलेच आकडे द्यावेत.

‘पदवीच्या प्रकल्पात मी उसाच्या शेतातील माती सावलीत वाळवून, तिची विरलने स्टार्च केसीन आगरवर पसरवली आणि 22 ॲक्टिनोमायसिट्स वेगळे केले, बुरशी रोखण्यासाठी माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड घातले होते. क्रॉस स्ट्रीक चाचणीत 4 आयसोलेट्स स्टॅफिलोकॉकस ऑरियसविरुद्ध सक्रिय आढळले, ई. कोलायविरुद्ध एकही नाही. त्यांपैकी एकाची सक्रियता वारंवार उपसंवर्धन केल्यावर नाहीशी झाली, तर एकाचा इथिल ॲसिटेट अर्क निष्क्रिय ठरला. उरलेल्या दोघांच्या अर्कांची प्रत्येकी तीनदा चाचणी केली असता 6 मिमी वेल धरून 14 ते 17 मिमीचे झोन मिळाले. नुसत्या द्रावकाच्या वेलभोवती झोन नव्हता. एमआयसी काढलेली नाही आणि 16S अनुक्रमही पाहिलेला नाही, त्यामुळे सक्रिय घटक ज्ञात आहे की नाही हे मला सांगता येत नाही.’

या परिच्छेदातले प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याच्या एकेका शंकेचे उत्तर देते. 14 मिमीचा झोन वेल धरून की वेल वगळून, हे सांगितले नाही तर आकडा निरर्थक ठरतो. द्रावकाचा नियंत्रण वेल नसेल तर इथिल ॲसिटेटचाच परिणाम आपण अर्काच्या नावावर घातला असेल, ही शंका राहतेच. ई. कोलायवर काहीच न चालल्याची कबुलीही फायद्याची ठरते: ग्रॅम-ऋण जिवाणूंचे बाह्य आवरण अनेक रेणूंना आत शिरू देत नाही हे वाचणाऱ्याला ठाऊक असते, त्यामुळे तो निकाल त्याला पटण्याजोगा वाटतो. सक्रियता नाहीशी होणे हाही स्ट्रेप्टोमायसिसचा नेहमीचा अनुभव आहे, आणि तो लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्न हमखास येतो की सुरुवातीलाच ग्लिसरॉल स्टॉक करून ठेवला होता का. ठेवला असेल तर ते एका वाक्यात पत्रातच लिहावे.

कौशल्ये

यादी लांबवण्याऐवजी तीन पायऱ्या कराव्यात: स्वतंत्रपणे केलेले काम, देखरेखीखाली केलेले काम आणि फक्त पाहिलेले काम. महाविद्यालयात एचपीएलसीचे प्रात्यक्षिक एकदा दाखवले असेल तर ते तिसऱ्या पायरीत जाते. निर्जंतुकीकरण, विरलन, शुद्ध संवर्धन आणि मॅकफारलँड 0.5 मानकाप्रमाणे जिवाणूंचे निलंबन तयार करणे ही कामे साधी वाटतात, पण इंटर्नकडून पहिल्या आठवड्यात हीच अपेक्षित असतात.

कालावधी

एक महिन्याची विनंती करणारी पत्रे खूप येतात, आणि माझ्या मते तिथेच अर्जदाराला कामाची गती माहीत नसल्याचे कळते. मातीतले ॲक्टिनोमायसिट्स प्लेटवर नीट दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, शुद्ध करायला आणखी एक, द्रव माध्यमात वाढवायला पाच ते सात दिवस, आणि त्यानंतर अर्क व चाचणी. म्हणजे पहिली फेरी संपते तेव्हाच महिना उलटलेला असतो आणि निकाल पुन्हा पडताळायला वेळ उरत नाही. चार ते सहा महिने, तेही पूर्णवेळ, असे स्पष्ट लिहावे. विद्यावेतनाची गरज असेल तर तेही आडपडदा न ठेवता एका वाक्यात सांगावे.

पाठवताना

पत्र एका पानात बसवावे, पीडीएफ करावे आणि प्रत्येक गटप्रमुखाला त्यांच्या नावाने स्वतंत्र पाठवावे. वीस जणांना एकत्र गेलेला ईमेल लगेच ओळखू येतो. अनेक सरकारी संस्था महाविद्यालयाचे शिफारसपत्र मागतात आणि काही ठिकाणी फक्त शिकत असलेल्या विद्यार्थ्यांनाच घेतात, म्हणून पदवी झाली असल्यास संस्थेचा नियम आधी पाहावा. संदर्भासाठी ज्या प्राध्यापकांचे नाव द्यायचे त्यांना आधी विचारावे आणि पत्राची प्रतही द्यावी, नाहीतर विचारणा झाली की ते भलतेच आकडे सांगतात. दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास त्याच ईमेलखाली दोन ओळींचे स्मरणपत्र पुरे. बोलावणे आले तर प्रयोगाची वही आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले प्लेटचे फोटो हाताशी ठेवावेत, कारण पत्रातला 14 मिमीचा झोन दाखवा, असे म्हटले जाण्याची शक्यता बरीच असते.