शब्द कापा, हिशेबाचा धागा कापू नका

अनुदानाचा प्रस्ताव १,४०० शब्दांचा झालाय आणि मर्यादा १,००० ची आहे, तर विशेषणं खुडत बसू नका. त्यातून फार तर पन्नासेक शब्द सुटतात. आधी अंदाजपत्रक उघडा. प्रत्येक ओळीसमोर, तो खर्च मजकुरातल्या कोणत्या वाक्यामुळे पटतो ते लिहा. ती वाक्यं आणि उद्दिष्टं रंगवून ठेवा. त्यांना हात लावायचा नाही.

समजा, ६०० घरांचं सर्वेक्षण आहे, प्रत्येक घरी दोन भेटी. म्हणजे १,२०० भेटी. एक सर्वेक्षक दिवसाला सहा भेटी करतो, म्हणून २०० दिवसांचं मानधन. घाईत ‘पावसाळ्यापूर्वी आणि नंतर अशा दोन भेटी’ एवढेच शब्द उडाले, तर परीक्षकाला १०० दिवसांचं काम दिसतं आणि मानधन दुप्पट लावल्यासारखं वाटतं. शिवाय ऋतूनुसार बदल मोजण्याचं उद्दिष्टही लंगडं पडतं.

कात्री चालवायची ती पार्श्वभूमीवर. समस्या गंभीर आहे हे तीन परिच्छेदांत सांगितलेलं असतं. एक आकडा आणि एक वाक्य पुरतं. संस्थेचा इतिहासही बहुतेक वेळा अर्जात वेगळा विचारलेला असतो, तो इथून काढा.

एवढं करूनही शब्द जास्तच भरले, तर एखादं उद्दिष्ट त्याच्या खर्चासकट वगळा. अर्धवट ठेवलेलं उद्दिष्ट परीक्षकाला लगेच दिसतं. शेवटी मजकूर न वाचलेल्या सहकाऱ्याला फक्त अंदाजपत्रक द्या आणि प्रत्येक रकमेचं कारण प्रस्तावात शोधायला सांगा.