गोफ स्टेजवर बसवायचा असेल तर: मंडपवाल्याला फोन करण्याआधीची मोजमापं

स्नेहसंमेलनाची तारीख ठरली की मंडपवाल्याला लगेच फोन जातो, "२४ बाय २० चं स्टेज द्या." कुठले नाच आहेत, मुलं किती आहेत, याचा विचार मग डिसेंबरात रंगीत तालमीला होतो. हा क्रम उलटा करा. आधी कार्यक्रमातला सर्वांत जास्त जागा मागणारा नाच शोधा, त्याची जागा मोजा आणि मगच स्टेजचा आकार सांगा. गोव्यातल्या शाळांत लोकनृत्यं असतात तिथे हा नाच बहुतेक वेळा गोफ असतो. फुगडीचं रिंगण जागा कमी पडली तर आवळता येतं, कुणबी नाचाच्या ओळी पुढे-मागे सरकवता येतात. गोफात मात्र प्रत्येक मुलीच्या हातातली दोरी वरच्या एकाच हुकाला बांधलेली असते. रिंगण आवळलं की दोऱ्या सैल पडतात, सैल दोऱ्या एकमेकींत अडकतात, आणि विणताना झालेली गफलत उलगडताना गाठ बनून समोर येते. म्हणून खालचा सगळा हिशोब गोफावर आहे.

पहिली नोंद मुलींच्या संख्येची. संख्या सम हवी, कारण अर्ध्या मुली घड्याळाच्या दिशेने जातात, अर्ध्या उलट दिशेने, आणि समोरून येणारीला एकदा बाहेरून, एकदा आतून ओलांडतात. संख्येबरोबर दोन मुलींमधलं अंतरही लिहून ठेवा. आठवी-नववीच्या मुलींना एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ३ फूट धरा, तिसरी-चौथीला अडीच फूट पुरतात. पोशाख घेरदार असेल तर अर्धा फूट वाढवा. अंतर जास्त ठेवलं तर नाच मोकळा दिसेल असं वाटतं, पण ते खरं नाही. ३ ऐवजी ४ फूट केले तर तेवढ्याच तालात प्रत्येकीला एक तृतीयांश जास्त चालावं लागतं. मग मुली नाचत नाहीत, धावतात.

आता १६ मुलींचा गोफ धरून हिशोब करू. १६ गुणिले ३ म्हणजे रिंगणाचा घेर ४८ फूट. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास येतो सुमारे १५ फूट ४ इंच. ही झाली मुली उभ्या राहतात ती मधली रेघ. ओलांडताना एक मुलगी या रेघेच्या दीड फूट बाहेर जाते, दुसरी दीड फूट आत येते. म्हणजे व्यासात ३ फूट वाढले आणि रिंगण झालं १८ फूट ४ इंच. समोरच्या कडेला ३ फूट मोकळे ठेवा, कारण तिथून पडलं तर खाली प्रेक्षक किंवा फूटलाइट असतात. मागच्या पडद्यापाशी २ फूट पुरतात. एकूण खोली लागली २३ फूट ४ इंच. फळ्यांचे तयार भाग बहुधा ४ फुटांच्या पटीत येतात, म्हणजे २४ फूट खोली घ्यायची. नेहमीच्या २० फुटी स्टेजवर हा गोफ बसत नाही. त्या स्टेजवर १२ मुलींचा गोफ बसतो: घेर ३६, व्यास साडेअकरा, ओलांडण्याचे ३ आणि कडांचे ५ मिळून साडेएकोणीस फूट.

यातून लक्षात ठेवण्यासारखा आडाखा निघतो. दोन मुली वाढल्या की घेर ६ फुटांनी वाढतो आणि खोली जवळजवळ २ फुटांनी. स्टेज सांगून झाल्यावर "आणखी दोघींना घ्या ना" असा पालकांचा आग्रह होतो, तेव्हा हा आडाखा समोर ठेवावा. उलट बाजूने, ऐन दिवशी एक मुलगी तापाने झोपली तर तिच्या समोरच्या दिशेने जाणाऱ्या एकीलाही बसवावं लागतं. ती कोण हे आधीच ठरवा आणि १४ जणींची एक तालीम घेऊन ठेवा.

खोली खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे बॅकड्रॉप. त्याची चौकट आणि तिला मागून दिलेले टेकू फळ्यांवरच उभे केले तर दीड-दोन फूट तिथेच जातात. कागदावर २४ फूट, पायाखाली साडेबावीस, असं होतं. मंडपवाल्याला सांगताना "चौकट स्टेजमागे जमिनीवर उभी करायची, नाचायला मोकळे २४ फूट हवेत" असं स्पष्ट सांगा. चौकट फळ्यांवरच येणार असेल तर १४ मुली घ्या. त्यांना सुमारे साडेएकवीस फूट लागतात, ते बसतात.

रुंदीचं काम सोपं आहे. रिंगणाच्या १८ फूट ४ इंचांना दोन्ही बाजूंना जवळजवळ पाच-पाच फूट दिले की २८ फूट झाले, आणि तेवढ्यात मुली ओळीने येऊन रिंगणात शिरू शकतात. विंगा आणि पायऱ्यांसाठी प्रत्येक बाजूला ४ फुटांची पट्टी वेगळी धरा. म्हणजे फळ्यांचं एकूण माप ३६ बाय २४, ८ बाय ४ चे २७ भाग. घुमट, शामेळ आणि कांसाळें वाजवणाऱ्यांना यात बसवू नका. त्यांच्यासाठी बाजूला ८ बाय ८ चा सुटा ओटा मागवा, मुख्य स्टेजला न जोडता. मुलींच्या पायांच्या ठेक्याने फळ्या हलतात आणि माइकच्या दांड्यातून तो धप्पधप्प आवाज सगळीकडे जातो.

त्याच कार्यक्रमात घोडेमोडणी असेल तर ती रुंदीला तपासून घ्या. मुलाच्या कमरेला घोडा बांधला की जागा मुलाची नाही, घोड्याची मोजायची. शाळेचे घोडे असतील ते नाकापासून शेपटीपर्यंत टेपने मोजा. साडेचार फुटांचा घोडा जागच्या जागी वळला तरी साडेचार फुटांचं वर्तुळ घेतो, आणि तलवारीचा हात धरून ६ फूट. आठ घोडे चार-चारच्या दोन ओळींत म्हणजे २४ फूट रुंद आणि १२ फूट खोल. २८ फुटांत ते बसतात, दोन्ही बाजूंना २-२ फूट राहतात.

आता उंची, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. स्टेजच्या फळ्यांपासून हूक १४ फुटांवर आहे आणि हात ४ फुटांवर आहेत असं धरा. वेणी विणत जाते तशी ती वरून खाली उतरते, आणि जिथून दोऱ्या फाकतात ते टोकही खाली येतं. टोक ९ फुटांवर आलं की थांबायचं. कारण असं: बाहेरून जाणारीची दोरी आतून जाणारीच्या डोक्यावरून जाते. टोक ९ फुटांवर असताना ती दोरी तिथे साधारण साडेपाच फुटांच्या थोडी वर असते, म्हणजे पाच फूट उंचीच्या मुलीच्या डोक्यावर सात इंच. टोक ८ फुटांवर उतरलं की तीच दोरी केसांतल्या फुलांना लागते, मुलगी मान वाकवते आणि पाऊल चुकते. १४ फुटांच्या हुकाखाली म्हणून ५ फूट वेणी मिळते. शाळेच्या पक्क्या रंगमंचाचा स्लॅब १२ फुटांवर असेल तर ३ फूटच. गाणं तेवढंच ठेवा, कडवी वाढवू नका.

दोरीची लांबीही यातूनच निघते. शेवटच्या क्षणी टोकापासून बाहेरच्या मुलीच्या हातापर्यंत साडेदहा फूट लागतात. ५ फूट वेणीत किती दोरी जाते हे दोरीच्या जाडीवर आणि मुलींच्या संख्येवर ठरतं, म्हणून एक फूट विणून, उलगडून मोजा. फुटाला सवा फूट गेली तर सव्वासहा फूट झाले. हातात धरायला दीड फूट मिळवून प्रत्येक दोरी साधारण १८ फूट कापा. सुरुवातीला यातली चारेक फूट दोरी जास्तीची असते. ती तळहातात घडी करून धरायला शिकवा, मनगटाला गुंडाळू देऊ नका. एकीचा ताल चुकून दोरी ताणली गेली तर गुंडाळलेला हात सुटत नाही.

हूक मंडपाच्या बांबूला किंवा लाइट टांगलेल्या दांड्याला बांधू नका. सगळ्या मुली सारख्या ताणत असतात तोवर ओढ समतोल असते. एका बाजूच्या दोघी-तिघी मागे राहिल्या की ती एकदम तिरकी होते आणि दांडा लाइटांसकट हलतो. गोफासाठी स्वतंत्र आडवा लोखंडी पाइप दोन्ही बाजूंच्या खांबांना जखडून घ्या, आणि चार मोठ्या माणसांना चारी बाजूंनी, मग मुद्दाम एकाच बाजूने ओढायला लावून बघा.

स्टेजची उंची अडीच फूट पुरे. खुर्चीवर बसलेल्याची नजर जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर असते, पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांची त्याहून दीड फूट खाली. स्टेज साडेतीन-चार फूट केलं तर रिंगणाची मागची बाजू कोणालाच दिसत नाही, एकाच ओळीत गर्दी झाल्यासारखी वाटते.

एवढं करूनही २४ फूट मिळत नसतील तर १६ मुलींचे आठ-आठचे दोन गोफ करा. प्रत्येकाचं रिंगण सुमारे १० फूट ८ इंच होतं, खोली १६ फूट पुरते, आणि मध्ये ३ फूट सोडून दोन्ही शेजारी-शेजारी २४ फुटांपेक्षा चार इंच जास्त घेतात. ती चार इंच मधल्या जागेतून काढा. हूक दोन लागतील. आमच्या मते लहान शाळेच्या पक्क्या रंगमंचासाठी हाच पर्याय बरा, कारण आठ दोऱ्यांची वेणी मुलींना लवकर जमते आणि उलगडतानाही कमी अडकते.

तालमीसाठी शाळेच्या हॉलमध्ये खडूने पूर्ण आकृती काढा. मध्ये खिळ्याऐवजी एकीला दोरीचं टोक धरून बसवा आणि तीन वर्तुळं फिरवा: ६ फूट २ इंच, ७ फूट ८ इंच आणि ९ फूट २ इंच. समोर केंद्रापासून १२ फूट २ इंचांवर आडवी लाल रेघ मारा, ती स्टेजची कड. पहिल्या तालमीपासून मुलींच्या नजरेला ती रेघ सवयीची झाली पाहिजे. अंतर पुरतंय की नाही हे खांद्यांकडे बघून कळतं. ओलांडताना मुली आडव्या होऊन सरकत असतील तर जागा कमी आहे.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, कार्पेट अंथरून झाल्यावर, हुकाला ओळंबा सोडा. तो जिथे टेकेल तिथे चिकटपट्टीची फुली मारा आणि तिथून समोरच्या कडेपर्यंत टेप लावा. १२ फूट २ इंचांपेक्षा कमी भरलं तर हूक मागे सरकवायचा, मुलींना नाही. मग अनवाणी पायांनी रिंगणावर एक फेरी मारा, कार्पेटची घडी आणि फळ्यांमधला उंचवटा पायालाच लागतो. उघड्यावरच्या स्टेजवर डिसेंबर-जानेवारीत रात्री दंव पडतं, म्हणून गोफ कार्यक्रमाच्या पहिल्या तासातच ठेवा आणि त्याआधी रिंगणावर कोरडं फडकं फिरवा.