हुंडी बँकेत वटवण्यापूर्वीची तयारी: जळगाव ते शहादा एका उधारीचा हिशेब

जळगावच्या एका व्यापाऱ्याने शहाद्याच्या विक्रेत्याला मे महिन्यात करासह 60,000 रुपयांच्या ठिबकच्या नळ्या उधारीवर दिल्या आणि त्या उधारीपोटी तीन महिन्यांची हुंडी काढायचे ठरले, असे धरून ही यादी लिहीत आहे. हुंडी लिहून आज्ञा देणारा जळगावचा व्यापारी हा आदेशक, ज्याला पैसे देण्याची आज्ञा केली तो शहाद्याचा विक्रेता हा आदेशिती. आदेशितीने स्वीकाराची सही केल्याशिवाय तो हुंडीवर बांधला जात नाही, म्हणून सही नसलेला कागद घेऊन बँकेत जाऊ नये.

लिहिण्याआधी मुदतीचा विचार करावा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. मे महिन्यात पूर्वहंगामी कपाशीसाठी नळ्या नेणारा शेतकरी बहुधा वेचणीनंतर, दिवाळीच्या सुमारास पैसे देतो. मग विक्रेत्याची हुंडी ऑगस्टमध्ये भरणार असेल तर तो ती कशातून फेडणार, हे त्यालाच स्पष्ट विचारून घ्यावे. रक्कम अंकी आणि अक्षरी सारखीच आहे, भरणा कुठे व्हायचा ते ठिकाण लिहिले आहे आणि मुदतीच्या हुंडीला लागणारे मुद्रांक शुल्क भरलेले आहे, हे सहीपूर्वीच पाहावे.

त्यानंतर देय तारीख काढून ठेवावी. हुंडी 12 मेची असेल तर तीन महिने 12 ऑगस्टला पुरे होतात आणि सवलतीचे तीन दिवस धरून 15 ऑगस्ट येतो. तो सार्वजनिक सुट्टीचा दिवस असल्याने 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याप्रमाणे हुंडी आदल्या कामकाजाच्या दिवशी, म्हणजे बहुधा 14 ऑगस्टला देय होते. ती 16 तारखेला जात नाही. हे शहाद्यालाही आधी कळवावे, कारण सुट्टीनंतर पैसे भरू असे समजून बसलेल्या माणसाची हुंडी नाहक परत जाते.

व्यापाऱ्याने ही हुंडी 12 जूनला दरसाल 12 टक्के दराने बँकेत वटवली असे समजू. वटाव, म्हणजे मुदतीआधी पैसे देण्याबद्दल बँक कापून घेते ती रक्कम, उरलेल्या दोन महिन्यांचाच धरायचा, पूर्ण तीन महिन्यांचा नव्हे. तो 1,200 रुपये होतो आणि हातात 58,800 येतात. (सवलतीचे दिवस पाठ्यपुस्तकी उदाहरणांत धरत नाहीत, बँक प्रत्यक्ष दिवस मोजत असल्याने तिचा आकडा थोडा वेगळा असेल.) रोजकीर्दीत बँक खाते 58,800 ने आणि वटाव खाते 1,200 ने नावे टाकून येणे हुंड्यांचे प्राप्य विपत्र खाते 60,000 ने जमा करावे. शहाद्याच्या वहीत या दिवशी काहीच लिहायचे नसते, कारण त्याचे देणे होते तेवढेच राहते, फक्त ते मागणारा धारक बदलतो.

मात्र हे पैसे अजून पूर्णपणे आपले झालेले नाहीत. आदेशितीने भरणा केला नाही तर बँक आदेशकाकडे वळते, म्हणून 14 ऑगस्टच्या सुमारास खात्यात हुंडीची पूर्ण रक्कम आणि वर थोडा खर्च भागेल इतकी शिल्लक ठेवावी. वटवलेली हुंडी 31 मार्चला अजून देय झालेली नसेल, तर ती रक्कम संभाव्य देणे म्हणून ताळेबंदाखाली टीपेत दाखवावी.

आता हुंडी खरोखर परत आली असे धरू. बँकेने ती नोटरीकडे देऊन अनादराची, म्हणजे भरणा न झाल्याची, नोंद करून घेतली. नोटरी त्या नोंदीत तारीख, दिलेले कारण आणि आपला आकार लिहितो. हा आकार 150 रुपये मानू. देशांतर्गत हुंडीला ही नोंद सक्तीची नाही, पण अनादराचा तो चांगला पुरावा असतो. बँकेने आदेशकाला जबाबदार धरायचे तर अनादराची सूचना वाजवी वेळेत देणे मात्र आवश्यक आहे. सूचना मिळालेली तारीख आपणही लिहून ठेवावी.

जळगावच्या वहीत याची एकच नोंद होते: शहाद्याचा विक्रेता 60,150 ने नावे, बँक 60,150 ने जमा. इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, प्राप्य विपत्र खात्याला पुन्हा हात लावणे; ते तर वटवतानाच बंद झाले आहे. दुसरी, बँकेला तिने दिलेले 58,800 च परत दाखवणे. बँक पूर्ण रक्कम आणि नोंदीचा खर्च वसूल करते. 1,200 चा वटाव हा दोन महिने पैसा वापरल्याचा आपला खर्चच राहतो, तो उलटवायचा नाही. शहाद्याच्या वहीत देणे हुंड्यांचे देय विपत्र खाते 60,000 ने आणि अनादर खर्च 150 ने नावे टाकून जळगावचा व्यापारी 60,150 ने जमा होतो, कारण तो खर्च शेवटी न भरणाऱ्यानेच सोसायचा असतो.

ही नोंद सूचना मिळाली त्याच दिवशी करावी आणि दोन्हीकडचे खातेउतारे ताडून 60,150 हाच आकडा जुळतो का ते पाहावे. विक्रेता मुदत वाढवून नवी हुंडी मागत असेल, तर व्याज ठरवून आणि कपाशीच्या वेचणीनंतरची तारीख धरूनच ती काढावी.