सर्वात लहान प्रतिउदाहरण: m घेतला, पण m − ३ कुठे पडतोय ते बघितलं का? या चुका टाळा

ऑलिम्पियाडच्या तयारीला येणाऱ्या पोरांच्या वह्या तपासताना एक ओळ मला सारखी दिसते, 'समजा m हे सर्वात लहान प्रतिउदाहरण आहे', त्याखाली दोन ओळी आणि लगेच 'विरोधाभास, सिद्ध झाले'. यातल्या निम्म्या सिद्धता बरोबर असतात, उरलेल्या दिसायला अगदी तशाच असतात पण मधे भोक असतं. आणि भोक बहुतेक वेळा एकाच जागी असतं.

आधी मेथड दोन वाक्यांत. वेल-ऑर्डरिंग प्रिन्सिपल एवढंच म्हणतं की पूर्ण संख्यांच्या (०, १, २, ३...) कुठल्याही रिकाम्या नसलेल्या संचात एक सगळ्यात लहान संख्या असतेच. म्हणून एखादं विधान कुठेतरी चुकत असेल तर ते जिथे पहिल्यांदा चुकतं अशी एक संख्या m असणार, तिच्या खालच्या सगळ्या संख्यांसाठी विधान खरं असणार, आणि या दोन गोष्टींतून विरोधाभास काढायचा.

आता उदाहरण. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आपल्याकडे खरंच ३ पैशांचं ॲल्युमिनियमचं षटकोनी नाणं होतं, १९६४ साली आलं होतं, आणि ५ पैशांचं चौकोनी तर बऱ्याच जणांच्या डब्यात अजून सापडेल. विधान असं: ८ पैसे किंवा त्याहून मोठी प्रत्येक रक्कम फक्त ३ आणि ५ पैशांच्या नाण्यांत देता येते.

सिद्धता करू. ज्या रकमा (८ आणि पुढच्या) देता येत नाहीत त्यांचा संच C. C रिकामा नाही असं समजा, त्यातली सगळ्यात लहान रक्कम m. आता ८ = ३ + ५, ९ = ३ + ३ + ३, १० = ५ + ५, म्हणजे m हा ८, ९, १० यांपैकी कोणी नाही, म्हणून m किमान ११. मग m − ३ किमान ८, म्हणजे ती रक्कम आपल्या विधानाच्या हद्दीत आहे, आणि ती m पेक्षा लहान असल्यामुळे C मध्ये नाही, म्हणजे ती देता येते. तिच्यावर एक ३ पैशांचं नाणं ठेवलं की m देता आला. पण m देता येत नाही असं आपण धरलं होतं. झालं.

'म्हणजे ती रक्कम आपल्या विधानाच्या हद्दीत आहे' हा तुकडा पोरं गाळतात, आणि तोच गाळला की काय होतं ते बघा. एका मुलाने दावा केला की ८ कशाला, ५ पासूनच सगळ्या रकमा देता येतात. त्याने ५ तपासले (एक नाणं), ६ तपासले (३ + ३), म्हणाला m यांच्यापैकी नाही, m − ३ लहान आहे म्हणून देता येतो, एक नाणं वाढवा, विरोधाभास. वाचताना जीभ कुठेच अडखळत नाही. पण ७ पैसे देऊन दाखवा! ३ + ३ म्हणजे ६, ३ + ५ म्हणजे ८, ७ नाहीच होत.

भोक कुठे? ५ आणि ६ तपासल्यावर m किमान ७, म्हणजे m − ३ किमान ४. आणि ४ बद्दल विधान काहीच बोलत नाही, विधान ५ पासून सुरू होतं. ४ हा C मध्ये नाही हे खरं, पण तो देता येतो म्हणून नाही, तो मुळात हद्दीबाहेर आहे म्हणून नाही. 'C मध्ये नाही' आणि 'विधान खरं आहे' या दोन गोष्टी एकच आहेत असं आपण गृहीत धरतो, त्या फक्त हद्दीच्या आत एक असतात. गंमत म्हणजे सिद्धता जिथे फाटते, m = ७ ला, तिथेच विधानही खोटं आहे.

यावरूनच किती सुरुवातीच्या केस हाताने तपासायच्या ते कळतं, पाठ करायची गरज नाही. ३ ने मागे उडी मारणार असाल तर पहिल्या तीन रकमा, कारण उडी त्या तीनच ठिकाणांहून हद्दीबाहेर पडते. त्याच सिद्धतेत m − ५ घेतलात तर ८ ते १२ पाच रकमा तपासाव्या लागतील (११ = ३ + ३ + ५, १२ = चार वेळा ३), चूक नाही पण उगाच जास्त काम.

दुसरी चूक छोटी आहे: विधान जिथे खरं आहे त्या संख्यांचा संच घेऊन त्यातली लहान निवडणं. इथे ती ८ आली, मग पुढे काय? काहीच नाही. संच चुकणाऱ्यांचा हवा.

आणखी एक, मूळ संख्यांच्या गुणाकाराची. '१ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या मूळ असते किंवा मूळ संख्यांचा गुणाकार असते' यात m = a × b लिहून पोरं पुढे पळतात. m = १ × m पण गुणाकारच आहे की, त्यात m लहान झालाच नाही. m मूळ नाही म्हणून a आणि b दोन्ही १ पेक्षा मोठे निवडता येतात, म्हणूनच दोन्ही m पेक्षा लहान होतात, आणि दोघेही हद्दीत राहतात. ही ओळ लिहाच.

आता उलट्या दिशेचा प्रकार, कारण इथे गोंधळ जास्त होतो. नाण्यांमध्ये आपण लहान संख्येवरून m पर्यंत वर चढलो. √२ अपरिमेय आहे हे दाखवताना m वरून खाली उतरून आणखी लहान प्रतिउदाहरण काढतो. √२ अपूर्णांक असेल तर अशी धन पूर्ण संख्या असणार की तिला √२ ने गुणलं की पूर्ण संख्या येते (छेदच घ्या). अशातली सर्वात लहान m. आता k = m√२ − m घ्या. इथे 'k लहान आहे' म्हणून थांबू नका, चार गोष्टी बघायच्या. k पूर्ण आहे, दोन पूर्ण संख्यांची वजाबाकी. k धन आहे, कारण √२ > १. k < m, कारण √२ < २. आणि k√२ = २m − m√२, हीसुद्धा पूर्ण, म्हणजे k पण त्याच संचातला. आता विरोधाभास.

पूर्ण आणि धन हे दोन का तपासायचे? कारण धन अपूर्णांकांत सगळ्यात लहान असा कोणी नसतोच, कितीही लहान घ्या, निम्मा करा, आणखी लहान मिळतो. तिथे लहान-लहान होत गेल्याने काहीच बिघडत नाही.

हीच सिद्धता √५ वर जशीच्या तशी चिकटवलेली पण मी पाहिलीये. k = m√५ − m हा m च्या सव्वापटीच्या आसपास येतो, लहान होण्याऐवजी मोठा! √५ हा २ आणि ३ च्या मधे आहे, म्हणून २m वजा करायला हवं, मग k हा ० आणि m च्या मधे नीट बसतो. आणि √४ वर चालवून बघा, म्हणजे चाळणी काम करते का कळेल: m वजा केलं तर k = m, २m वजा केलं तर k = ०. एकात लहान होत नाही, दुसऱ्यात धन राहत नाही.